ॲम्प्लिफायर क्लास डी की एबी? बोर्डावरचे वॉट वाचून निवडू नका

सगळ्यात जास्त दिसणारी चूक ही: 'क्लास डी म्हणजे जास्त वॉट'. क्लास म्हणजे ॲम्प्लिफायर काम करतो ती पद्धत. तिच्यावरून उष्णता ठरते, बॅटरी किती टिकेल ते ठरते. वॉट ठरतात सप्लायच्या व्होल्टेजवर आणि स्पीकरच्या ओहमवर.

नेहमीचं उदाहरण घ्या. टीपीए ३११६ चिपचा बोर्ड, त्यावर छापलेलं '२ × ५० वॉट', सोबत १२ व्होल्टची बॅटरी आणि ८ ओहमचे स्पीकर. बोर्ड ब्रिज पद्धतीचा आहे, म्हणजे स्पीकरची दोन्ही टोकं तोच चालवतो, त्यामुळे स्पीकरला जास्तीत जास्त १२ व्होल्टचा पीक मिळतो. १२ चा वर्ग १४४, त्याला ओहमच्या दुपटीने, म्हणजे १६ ने, भागा. झाले ९ वॉट, प्रत्यक्षात थोडे कमीच. मग गेन वाढवला जातो, आवाज मोठा न होता फाटतो आणि दोष चिपला लागतो. ४ ओहमचा स्पीकर लावला तर १८ वॉट मिळतील. ८ ओहमवरच राहायचं असेल तर २४ व्होल्ट द्या. हिशेबाने ३६ येतात, ३० धरून चाला. छापील ५० हा आकडा ४ ओहम, साधारण २१ व्होल्ट आणि १० टक्के विकृतीचा आहे. इतकी विकृती असलेलं गाणं कोणी ऐकत नाही.

त्याच १२ व्होल्टवर ब्रिज केलेला एबी लावला तरी ४ ओहमला वॉट जवळपास तेवढेच. मग पोर्टेबल पीएला, म्हणजे कार्यक्रमाला उचलून नेायच्या लाऊडस्पीकरला, डी का? अशा १८-१८ वॉटच्या स्टीरिओ जोडीतून गाण्यात सरासरी साडेचार वॉट बाहेर पडतात असं धरा. त्यासाठी एबी बॅटरीतून सुमारे १६ वॉट ओढतो, डी सहाच्या आसपास. १२ व्होल्ट, ७ अँपिअर-अवरच्या लेड-ॲसिड बॅटरीतून ५० वॉट-अवर वापरायचे म्हटले तर एबी तीन तास चालेल, डी आठ. पीएसाठी मी डीच घेतो. जड हीटसिंक वाहायची हौस नाही.

घरी मात्र बॅटरी नाही, वजनाची अडचण नाही. तिथे एबी अजूनही चांगला. स्वस्त डी बोर्डात फीडबॅक, म्हणजे चूक सुधारायला आउटपुटवरून परत घेतलेला सिग्नल, बहुधा आउटपुटच्या एलसी फिल्टरच्या आधी घेतलेला असतो, त्यामुळे स्पीकरचे ओहम बदलले की वरच्या टोकाचा ट्रेबल उठतो किंवा बसतो. फिल्टर ४ ओहमसाठी असेल आणि ८ चा स्पीकर लावला तर तो उठतो. 'डी कर्कश वाजतो' या तक्रारीत बऱ्याचदा हेच असतं. फीडबॅक फिल्टरनंतर घेणारा डी असेल तर ही कटकट जवळपास संपते.

वायर वाचवायला दोन्ही स्पीकरच्या मायनस एकत्र जोडू नका, ग्राउंडलाही नाही. ब्रिज आउटपुटची मायनस ग्राउंड नसते, तिथे सप्लायच्या निम्मे व्होल्ट असतात. आधी मल्टीमीटर लावून बघा.