जोडीने केलेलं काम थांबवताना: या चुका टाळा

भोसरीत आमचं छोटं मशीन शॉप आहे. गेली चार वर्षं शेजारच्या गल्लीतल्या एका पावडर कोटिंगवाल्यांबरोबर आमचं काम चालू होतं. करार नव्हता. ऑर्डर आमच्याकडे यायची, कोटिंग ते करायचे आणि हिशेब ‘होईल हो नंतर’ म्हणून पुढे जायचा. यंदा आम्ही स्वतःचा कोटिंग बूथ टाकला आणि हे काम थांबवायचं ठरलं. भांडण अजिबात नव्हतं. तरी त्या निरोपात मी केलेल्या चुका निस्तरायला दोन महिने गेले.

पहिली चूक आभाराच्या पत्रात झाली. मी भावनेच्या भरात लिहून टाकलं, “आपल्यातले सर्व व्यवहार समाधानाने पूर्ण झाले आहेत.” हिशेब तर अजून जुळवलेलाच नव्हता. आठ दिवसांनी रिजेक्शनची रक्कम काढली तेव्हा त्यांच्या अकाउंटंटने तेच पत्र पुढे केलं. आभार आणि हिशेब एका कागदावर आणूच नयेत. आभाराच्या पत्रात पैशाचा शब्द नको. हिशेबाचा मेल वेगळा पाठवा आणि त्यात ‘पूर्ण’ हा शब्द शेवटचा चेक वटल्यावरच येऊ द्या.

दुसरी चूक म्हणजे फक्त शेवटचा आकडा विचारणं. फोनवर ते म्हणाले १,८६,४०० येणं आहे. आमच्या वहीत देणं होतं १,४८,६४०. फरक ३७,७६० रुपयांचा. मी लगेच ‘मधला आकडा धरू या’ म्हणालो, आणि तो मूर्खपणा होता. दोन्ही लेजर गेल्या वर्षीच्या १ एप्रिलपासून बिलवार शेजारी ठेवली तेव्हा फरक दोनच ठिकाणी सापडला. १४,१६० रुपये टीडीएस होता: त्यांच्या ७,०८,००० रुपयांच्या बिलांवर (कर वगळून) आम्ही २ टक्क्यांनी कापून भरलेला, पण त्यांनी वहीत न घेतलेला. आयकराच्या पोर्टलवर त्यांच्या पॅनवर तो दिसत होता, त्यामुळे पाच मिनिटांत मिटलं. उरलेले २३,६०० म्हणजे फेब्रुवारीत खराब झालेल्या ब्रॅकेटांचं बिल, करासह. त्याची डेबिट नोट आम्ही आमच्या वहीत घातली होती आणि काम झालं असं समजून बसलो होतो.

इथेच सगळ्यात जास्त लोक अडकतात. बिल कमी करायचं तर जीएसटीत पुरवठा करणाऱ्याने, म्हणजे त्यांनी, क्रेडिट नोट काढावी लागते. आमची डेबिट नोट ही नुसती मागणी. शिवाय त्या बिलाचं आर्थिक वर्ष संपल्यानंतरच्या ३० नोव्हेंबरपर्यंतच (वार्षिक रिटर्न त्याआधी भरलं असेल तर त्या तारखेपर्यंतच) ती रिटर्नमध्ये दाखवून त्यांना कर कमी करता येतो. नंतर मूळ रक्कम सोडली तरी कराचा भाग अंगावर राहतो, आणि मग ‘तो कोणी सोसायचा’ यावरून चांगली माणसंही तुटक बोलायला लागतात. आमचं ऑगस्टमध्ये लक्षात आलं म्हणून वाचलो. त्यांनी नोट काढली, आम्ही त्या बिलावर घेतलेलं तेवढं कराचं क्रेडिट परत फिरवलं.

तिसरी गोष्ट मालाची. त्यांच्याकडे आमचे माल टांगायचे एकोणीस हँगर, दोन फिक्स्चर आणि कोटिंगला गेलेले साठ ब्रॅकेट पडून होते. जॉब वर्कला पाठवलेला माल एका वर्षात परत आला नाही, तर पाठवल्या दिवशीच तो पुरवठा झाला असं धरून त्यावर व्याजासह कर लागू शकतो. फिक्स्चर आणि डाय यांना ही मुदत नाही, पण म्हणूनच ते विसरले जातात. फोनवर ‘आहे हो तुमचं सामान’ यावर विसंबू नका. जुनी चलनं घेऊन स्वतः जा, मोजा आणि परतीच्या चलनावर दोघांच्या सह्या घ्या. आम्हाला हँगर सतराच मिळाले. दोन तुटले की भंगारात गेले, कुणालाच आठवेना. तिथे मात्र मी गप्प बसलो, दोन हँगरसाठी चार वर्षं कोण मोजतो?

ग्राहकांचं काय, हे शेवटी उरतं. कोटिंग सोललं तर जुन्या मालाचं कोण बघणार? आमचं ठरलं: निरोपाच्या तारखेआधी गेलेल्या मालाची तक्रार सहा महिन्यांत आली तर ते फुकट पुन्हा करून देतील, वाहतूक आमची. हे चार ओळींच्या मेलमध्ये लिहिलं आणि त्यांनी ‘मान्य’ असं उत्तर दिलं.

हिशेब मिटल्यावर मी पेढे घेऊन गेलो. मालकांना नुसतं ‘सहकार्याबद्दल आभार’ म्हणण्याऐवजी दिवाळीच्या आदल्या रात्री ओव्हन चालू ठेवून आमचा माल पूर्ण करणाऱ्या त्यांच्या दोन कारागिरांची नावं घेतली आणि त्यांना बोलावून त्यांच्याच हातात डबा दिला. मालक हसून म्हणाले, “बूथ बिघडला तर फोन करा, पण आता रेट वेगळा लागेल हं.”