कडं आणि चकती उतरणीवरून: k चुकतोय तो वेळेमुळे की कोनामुळे? या चुका टाळा

चकती उतरणीवरून घरंगळवून, लागलेल्या वेळेवरून तिचा k काढला. तो ०.५ यायला हवा आणि आला ०.३८. अशा वेळी जर्नलमध्ये सर्रास एक ओळ लिहिली जाते: ‘स्टॉपवॉच हाताने चालू-बंद केल्यामुळे त्रुटी’. ही ओळ खरीही असू शकते. पण हाच ०.३८ टेबल कलतं असल्यामुळेही येतो, आणि एकाच उंचीवरची रीडिंग बघून या दोघांतला गुन्हेगार कोण हे सांगता येत नाही. तो कसा ओळखायचा, हाच या लेखाचा विषय आहे.

आधी मांडणी ठरवून घेऊ. फळीवर बरोबर १ मीटर अंतरावर दोन खुणा करा, हे अंतर म्हणजे L. वस्तू वरच्या खुणेपासून खालच्या खुणेपर्यंत t वेळात घरंगळते आणि त्याच दोन खुणांच्या उंचीतला फरक म्हणजे h. वस्तू स्थिर स्थितीतून सुटली आणि न घसरता घरंगळली, तर

```
k = g h t² / (2 L²) − 1
```

इथे k म्हणजे I/MR²; I हे जडत्व आघूर्ण, M वस्तुमान आणि R त्रिज्या. भरीव चकतीसाठी तो ०.५ असतो. पुण्यात g ९.७८ घ्या. ९.८ घेतलं तर फरक ०.२ टक्के पडतो, म्हणजे या प्रयोगात तिकडे लक्ष द्यायची गरज नाही.

कड्याचा k डोळे झाकून १ धरू नका

k = १ हे अगदी पातळ कड्याचं मूल्य आहे. बोहरी आळीतून आणलेल्या ११० मिमी पीव्हीसी पाइपचा तुकडा कडं म्हणून वापरला आणि त्याची भिंत ३ मिमी असली, तर बाहेरची त्रिज्या ५५ मिमी आणि आतली ५२ मिमी होते. k = ½(१ + ५२²/५५²), म्हणजे सुमारे ०.९५. प्रयोगातून ०.९५ आला की ‘५ टक्के त्रुटी’ लिहिणारे बरेच असतात, खरं तर त्यांचं उत्तर अचूक असतं. पाइप कापताना दाबला गेला असेल तर तो लंबगोल होतो, म्हणून व्हर्नियरने व्यास दोन काटकोनी दिशांनी मोजा. फरक अर्ध्या मिलिमीटरपेक्षा जास्त असेल तर दुसरा तुकडा घ्या.

कोनमापक बाजूला ठेवा

h = ५ सेंमी असताना उतरणीचा कोन जेमतेम २.९ अंश असतो. कंपासपेटीतल्या कोनमापकावर अर्धा अंश इकडेतिकडे झाला की sin θ मध्ये १७ टक्क्यांची चूक होते. मोबाइलमधलं कोन दाखवणारं अॅप ०.१ अंशापर्यंत बरोबर धरलं तरी साडेतीन टक्के जातात. मीटरपट्टीने h एका मिलिमीटरपर्यंत मोजला तर चूक २ टक्के, म्हणून कोन मोजायचाच नाही, उंची मोजायची.

पण उंची कुठून कुठपर्यंत? ठोकळे ठेवले ६ सेंमीचे, फळीच्या दोन टेकूंमधलं अंतर १२० सेंमी. sin θ = ६/१२० = ०.०५. कुणी हाच ६ सेंमी घेऊन घरंगळण्याच्या १०० सेंमीने भागला, की ०.०६ येतो आणि एका फटक्यात २० टक्के चूक होते. h आणि L त्याच दोन खुणांमधले हवेत.

याहून चोरटी चूक टेबलाची. जुन्या इमारतींत शहाबादी फरशीवर टेबल क्वचितच सपाट बसतं. मीटरभरात ४ मिमी उतार डोळ्यांना दिसत नाही, पण ५० मिमी उंचीवर तो ८ टक्के असतो. टेबलापासून मोजलेली उंची इथे फसवते. यावर गवंड्याची पाण्याची नळी हा नामी उपाय आहे. पारदर्शक नळीत पाणी भरा, दोन्ही टोकं दोन खुणांपाशी उभी धरा. पाण्याची पातळी दोन्हीकडे एकच असते. प्रत्येक खुणेपाशी त्या पातळीपासून फळीच्या पृष्ठभागापर्यंत खाली किती अंतर आहे ते पट्टीने मोजा. दोन अंतरांतला फरक म्हणजे खरा h, टेबल कसंही असो. नळीत हवेचा बुडबुडा राहिला तर पातळी खोटी दाखवते, म्हणून मोजण्याआधी नळीवर टिचक्या मारून बुडबुडे वर काढा.

फळीचा पोकही याच घरातला. १२ मिमी प्लायवूड दोन टोकांवर टेकवलं की मधे खाली झुकतं. वरच्या टोकाला उतार जास्त, खाली कमी, त्यामुळे वस्तू सुरुवातीलाच वेग घेते आणि लवकर पोचते. खुणांवरून दोरा ताणून धरा. मधे दोऱ्याखाली २ मिमी फट दिसली, तर h = ५ सेंमीला वरच्या खुणेपाशी उतार ०.०५ ऐवजी सुमारे ०.०५८ आहे. मधे एक टेकू द्या आणि फट नाहीशी झाल्यावरच पुढे जा.

वेळ: दहा रीडिंग घेऊनही न जाणारी चूक

वेळ मोजण्यात दोन वेगळ्या त्रुटी असतात. एक विखुरण्याची: रीडिंग कधी २.४१, कधी २.५५. दहा रीडिंगची सरासरी घेतली की ही कमी होते. विखुरण ०.०८ सेकंद असेल तर सरासरीतली अनिश्चितता ०.०८/√१०, म्हणजे सुमारे ०.०२५ सेकंद. दुसरी एकाच बाजूची: चकती सुटलेली दिसल्यावर तुम्ही बटण दाबता, म्हणजे उशिरा. शेवटी मात्र ती खुणेकडे येताना दिसत असते, त्यामुळे बोट आधीच तयार असतं आणि उशीर होत नाही. प्रत्येक वेळ साधारण ०.१ सेकंद कमी येते आणि शंभर रीडिंग घेतली तरी ती तशीच राहते. उपाय म्हणजे वस्तू सोडणाऱ्यानेच घड्याळ चालू-बंद करावं, किंवा मोबाइलवर २४० फ्रेमचा स्लो-मोशन व्हिडिओ घ्यावा. व्हिडिओ घेताना चालू स्टॉपवॉच फ्रेममध्ये ठेवा, कारण स्लो-मोशनची फाइल उघडल्यावर दिसणारा वेळ खरा नसतो.

वस्तू बोटांनी सोडू नका, बोट हलकेच ढकलतं. चकतीपुढे पट्टी आडवी धरा आणि ती उतरणीच्या दिशेने झटकन पुढे काढा. सेकंदाला २ सेंमी इतका नकळत दिलेला वेगसुद्धा h = ५ सेंमीला ०.०६ सेकंद खातो. L मोजताना चकतीची पुढची कड सुरुवातीला जिथे असते तिथून, पुढची कड शेवटी जिथे पोचते तिथपर्यंत मोजा. मधल्या आसापासून सुरू करून कडेवर संपवलं तर त्रिज्येइतकं अंतर चुकतं.

आता गुन्हेगार ओळखा

एका उंचीवर थांबू नका, चार उंची घ्या. खालचा तक्ता हिशेबाने काढलेला आहे. दोन्ही बाजूंना चकती बिनदोष आहे. डावीकडे फक्त टेबल ४ मिमी उताराच्या बाजूने कललेलं आहे, म्हणजे खरा h मोजलेल्यापेक्षा ४ मिमी जास्त. उजवीकडे फक्त प्रत्येक वेळ ०.१ सेकंद कमी नोंदली आहे.

| मोजलेला h (सेंमी) | उंची चुकली: t (से.) | k | वेळ चुकली: t (से.) | k |
|---|---|---|---|---|
| ३ | ३.०० | ०.३२ | ३.१० | ०.४१ |
| ५ | २.३८ | ०.३९ | २.३८ | ०.३८ |
| ८ | १.९१ | ०.४३ | १.८६ | ०.३५ |
| १२ | १.५७ | ०.४५ | १.५० | ०.३२ |

५ सेंमीची ओळ बघा. वेळ तीच, k जवळपास तोच, आणि कारणं पूर्ण वेगळी. पण स्तंभ वरून खाली वाचला की चित्र उघडं पडतं. उंची वाढवत नेल्यावर k ०.५ कडे सरकत असेल तर चूक उंचीत आहे, कारण ४ मिमीचा वाटा मोठ्या h मध्ये लहान होत जातो. k ०.५ पासून लांब जात असेल तर चूक वेळेत आहे, कारण ०.१ सेकंदाचा वाटा लहान t मध्ये मोठा होत जातो.

दोन अपवाद लक्षात ठेवा. ढकलून सोडलेली चकती उंचीच्या चुकीसारखीच वागते, कारण दिलेला धक्का कमी उतारावर जास्त जाणवतो. तीव्र उतारावर वस्तू घसरली तर ते वेळेच्या चुकीसारखं दिसतं. घसरण तपासायला चकतीच्या तोंडावर खडूची रेघ मारा. ५ सेंमी त्रिज्येची चकती एका मीटरमध्ये ३.१८ फेरे घेते, कमी घेतले तर ती घसरली. १२ सेंमी उंचीपर्यंत लाकडावर ही अडचण सहसा येत नाही.

चूक कुठली हे कळल्यावर तीच रीडिंग वाचवताही येतात. उंचीची शंका असेल तर 1/t² विरुद्ध h असा आलेख काढा. ठरावीक चुकीमुळे रेषा फक्त सरकते, चढ बदलत नाही. वरच्या डाव्या स्तंभातून चढ ३.२६ येतो (h मीटरमध्ये), आणि

```
1 + k = g / (2 L² × चढ) = 9.78 / (2 × 3.26) = 1.50
```

रेषा h चा अक्ष −०.४ सेंमीला छेदते, म्हणजे टेबलाचा कल किती तेही आलेखच सांगतो. h चा अक्ष धन बाजूला छेदला गेला तर टेबल उलट बाजूला कललेलं आहे किंवा घरंगळण्याचा विरोध मोठा आहे. वेळेची शंका असेल तर t विरुद्ध 1/√h आलेख काढा. उजव्या स्तंभाचा चढ ०.५५४ येतो, त्याचा वर्ग गुणिले ४.८९ म्हणजे पुन्हा १.५०, आणि रेषा t चा अक्ष −०.१ सेकंदाला छेदते. तो तुमच्या बोटाचा उशीर.

त्रुटी k ची लिहा, (१ + k) ची नव्हे

सूत्रातून थेट जी टक्केवारी निघते ती (१ + k) ची असते. t मध्ये १ टक्का, तो वर्गामुळे दुप्पट होऊन २ टक्के. h मध्ये १ मिमी, म्हणजे ५ सेंमीला २ टक्के. एकूण जास्तीत जास्त ४ टक्के. चकतीसाठी १.५ चे ४ टक्के म्हणजे ०.०६, आणि ०.५ च्या तुलनेत ते १२ टक्के होतात. कड्यासाठी १.९५ चे ४ टक्के ०.०८, म्हणजे ०.९५ च्या सुमारे ८ टक्के. त्याच फळीवर, त्याच घड्याळाने चकतीचं उत्तर कड्यापेक्षा जास्त डळमळतं ते यामुळे. ०.५० ± ०.०६ लिहा. ०.४६ आला असेल तर तो याच मर्यादेत बसतो, वेगळं कारण शोधायची गरज नाही.

उंचीवर अजिबातच भरवसा नसेल, तर कडं आणि चकती त्याच फळीवर आळीपाळीने सोडा आणि वेळांचं गुणोत्तर घ्या. त्यात h, L आणि g तिन्ही निघून जातात. वरच्या पीव्हीसी कड्यासाठी ते √(१.९५/१.५), म्हणजे १.१४ यायला हवं. चकतीला २.४८ सेकंद लागले तर कड्याला २.८३. वेळेतला ०.१ सेकंदाचा ठरावीक उशीरही या गुणोत्तरात जेमतेम अर्धा टक्का फरक पाडतो. मात्र दोन्ही वस्तूंच्या रीडिंगमध्ये ठोकळ्यांना हात लावायचा नाही.