हॉलची भांडी-खुर्च्या परत मागवणारी नोटीस

"नेलेले सामान लवकरात लवकर परत करावे" या नोटिशीने फारसं काही परत येत नाही, कारण ती आपल्यासाठी आहे असं कोणालाच वाटत नाही. आधी हॉलमधलं सामान मोजा, रजिस्टरशी ताडून पाहा आणि जे कमी भरतं तेवढंच खुणेसकट लिहा. उदाहरणार्थ:

"कार्यक्रमांसाठी नेलेले पुढील सामान येणे आहे:
मोठे पातेले – १
त्याचे झाकण – १
पराती – २
ओगराळी – ३
(भांड्यांवर सोसायटीचे नाव कोरलेले आहे)
लाल प्लॅस्टिक खुर्च्या – १४ (पाठीमागे पांढरा क्रमांक)
रविवार, दि. १५ रोजी सायं. ६ ते ८ या वेळेत हॉलमध्ये जमा करून रजिस्टरमध्ये नोंद करून घ्यावी. – सचिव"

झाकणं आणि ओगराळी वेगळी लिहाच. पातेलं आठवणीने येतं, झाकण मात्र कोणाच्या तरी ओट्याखाली राहून जातं. तारखेबरोबर वेळही द्या, म्हणजे त्या दोन तासांत समितीचं कोणीतरी मोजून घ्यायला बसेल. नाहीतर खुर्च्या रात्री जिन्यात ठेवल्या जातात आणि कोणाकडून किती आल्या ते कळत नाही. ज्यांच्या नावावर नोंद आहे त्यांचे फ्लॅट क्रमांक फलकावर लावू नका, त्यांना सरळ फोन करा.