शहाबादी फरशीच्या फोटोत नवी टाइल बसवण्याआधीची तयारी

लातूर-नांदेडकडच्या जुन्या घरांत बैठकीला शहाबादी फरशी असते आणि तिच्या जागी 600 × 600 मिलिमीटरची फिकट व्हिट्रिफाइड टाइल कशी दिसेल, हे घरमालकाला आधी फोटोत बघायचं असतं. असा फोटो फसतो तो बहुतेक वेळा खोलीतच, कारण फोटोशॉपमध्ये लागणारी मापं कुणी घेतलेलीच नसतात.

जुन्या फरशीच्या सांध्यांवरून माप काढू नका. शहाबादीचे तुकडे बऱ्याचदा कमी-जास्त रुंदीचे असतात. त्याऐवजी टेप, मास्किंग टेपचं एक बंडल आणि पांढरा कोरा कागद सोबत ठेवा. नवी टाइल 600 मिमी आणि सांधा 2 मिमी, म्हणजे एक घर 602 मिमीचं. मिस्त्री दारापासून अख्खी टाइल लावत जाणार असेल, तर दाराची भिंत आणि डावी भिंत दोन्हींपासून एक घर सोडून पहिली खूण करा. तिथून रुंदीत तीन घरं म्हणजे 1806 मिमी आणि लांबीत चार घरं म्हणजे 2408 मिमी मोजून उरलेल्या तीन खुणा करा. कर्ण बरोबर पाच घरांचा, 3010 मिमी भरला पाहिजे. दोन्ही कर्ण मोजा. 3-4-5 चा हा हिशोब गवंड्याच्या हातातला आहे, त्यामुळे त्यालाच सोबत घेतलं तर काम झटकन होतं. मध्ये दिवाण येत असेल तर आधी तो सरकवा, खुणा करा आणि पुन्हा जागेवर ठेवा. फक्त चारही कोपरे कॅमेऱ्याला दिसले पाहिजेत.

मोबाइल स्टँडवर लावा आणि मुख्य कॅमेराच वापरा. 0.5x ची रुंद भिंग कडेच्या रेषा वाकवते आणि वाकलेल्या रेषेवर सरळ सांधा कधीच बसत नाही. एक्स्पोजर लॉक करून एक फोटो खुणांसह घ्या आणि टेप काढून, स्टँड न हलवता, दुसरा. खिडकीतून उन्हाचा पट्टा आत येत नसेल अशी वेळ निवडा. तिसऱ्या फोटोत एक कागद मोकळ्या फरशीवर आणि दुसरा दिवाणाखाली ठेवा. काळसर शहाबादीवर सावली किती गडद आहे ते डोळ्याला नीट कळत नाही, पांढऱ्या कागदावर कळतं.

आता टाइलचा सपाट तक्ता, 1 मिमीला 1 पिक्सेल धरून. खोली 3200 × 3960 मिमी असेल तर 6 × 7 घरांचा, म्हणजे 3612 × 4214 पिक्सेलचा तक्ता करा. तो खोलीपेक्षा मोठा आहे, आणि तसाच हवा. तक्त्याचे चार कोपरे खोलीच्या चार कोपऱ्यांना ओढून लावणं ही सर्रास होणारी चूक आहे: जुन्या भिंती क्वचितच काटकोनात असतात, त्यामुळे भिंतीचा तिरकेपणा प्रत्येक टाइलमध्ये उतरतो. खऱ्या कामात टाइल चौरसच राहते आणि भिंतीलगतचा कापलेला तुकडा निमुळता होतो. फोटोतही जास्तीचा भाग मास्कनेच कापा. सांधा काळा न करता टाइलपेक्षा थोडा गडद करडा ठेवा. मागच्या भिंतीजवळ टाइल 150 पिक्सेलची दिसत असेल तर 2 मिमीचा सांधा अर्धा पिक्सेलच उरतो आणि काळी रेष तिथे तुटक दिसते.

तक्ता कॉपी करा, खुणांच्या फोटोवर रिकामा लेयर घ्या आणि Filter > Vanishing Point उघडा. चार खुणांवर चौकट काढा. जाळी निळी झाली म्हणजे ती चालेल, लाल-पिवळी असेल तर कोपरे तपासा. मग कडांच्या मधल्या ठिपक्यांनी चौकट भिंतींपर्यंत वाढवा. कोपरे ओढू नका, नाहीतर मोजून घेतलेला कोन जातो. तक्ता पेस्ट करून चारही खुणांवर सांध्यांची फुली येईपर्यंत त्याचा आकार जुळवा. दोन खुणा जुळल्या आणि दोन नाहीत, तर बहुधा भिंगाचा बाक उरला आहे. तो Lens Correction मध्ये काढून चौकट नव्याने घ्या. तीच दुरुस्ती तिन्ही फोटोंना द्या.

सावलीसाठी बिनखुणांच्या फोटोतली फरशी कृष्णधवल करून वर Multiply मध्ये ठेवा. जुने सांधे Median ने पुसा, पण त्रिज्या सांध्याहून थोडीच जास्त ठेवा. जास्त वाढवली तर दिवाणाच्या पायालगतची बारीक गडद सावलीही पुसली जाते आणि दिवाण तरंगतो. ती गेलीच तर ब्रशने परत भरा. मग Levels ने मोकळी फरशी जवळपास पांढरी करा. किती गडद ठेवायचं ते कागद सांगतो: मोकळ्यावर 210 आणि दिवाणाखाली 84 असेल तर प्रमाण 0.4, म्हणून 230 ची टाइल दिवाणाखाली 92 च्या आसपास यायला हवी.

हे सगळं मॅट टाइलला पुरतं. चकचकीत टाइलमध्ये खिडकी आणि दिवाणाचे पाय उलटे दिसतात, शहाबादीच्या फोटोत ते नसतात. तिथे प्रतिबिंब वेगळं तयार करावं लागतं.