डिस्लेक्सियासाठी जादा वेळेचा अर्ज : या चुका टाळा

"मला लहानपणापासून डिस्लेक्सिया आहे. वाचायला, लिहायला खूप त्रास होतो. तरी परीक्षेत योग्य ती सवलत मिळावी, ही नम्र विनंती."

कॉलेजच्या परीक्षा समन्वयकांकडे असे अर्ज येतात आणि फाइलमध्येच राहतात. यातलं सगळं खरं असतं. पण सही करून पुढे काय करायचं, हे त्या कागदावरून कळतच नाही. किती मिनिटं, कोणत्या पेपरला, खोली वेगळी हवी का? समन्वयकांना वेळापत्रक लावायचं असतं, पर्यवेक्षक नेमायचे असतात. "योग्य ती सवलत" वाचून ते काही होत नाही.

म्हणून मिनिटं तुम्हीच लिहा. केंद्र सरकारच्या २९ ऑगस्ट २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये तासाला किमान २० मिनिटं जादा वेळ सांगितला आहे. म्हणजे तीन तासांच्या पेपरला ६० मिनिटं, अडीच तासांच्या पेपरला ५० आणि एका तासाच्या अंतर्गत चाचणीला २०. अंतर्गत चाचण्या मुलं हमखास विसरतात. अर्जात फक्त "सत्र परीक्षा" लिहिलं, तर चाचणीच्या दिवशी पुन्हा विनवण्या कराव्या लागतात.

समजा, एस.वाय.बी.कॉम.च्या मुलीचा पेपर ११ ते १:३० आहे. जादा वेळ धरून तो २:२० ला संपेल. तिची पहिल्या वर्षाची एटीकेटी असेल आणि तो पेपर त्याच दिवशी २:३० ला असेल, तर हातात दहा मिनिटं उरतात. शिवाय त्या खोलीत दुपारच्या सत्राची मुलं बसणार असतात. वेळापत्रक लागल्याबरोबर अशी टक्कर शोधून तारखेसकट अर्जात लिहिली, तर समन्वयक आधीच मार्ग काढू शकतात. ऐनवेळी कळलं, तर बहुतेकदा जादा वेळच कापला जातो.

तिच्या अर्जाचा गाभा असा असावा:

"मी एस.वाय.बी.कॉम., तुकडी ब ची विद्यार्थिनी असून माझा आसन क्रमांक … आहे. मला डिस्लेक्सिया असल्याचे शासकीय रुग्णालयाचे प्रमाणपत्र (क्र. …, दि. …) सोबत जोडले आहे. मला प्रश्न दोन-तीनदा, हळू आवाजात पुटपुटत वाचावे लागतात. त्यामुळे चौथ्या सत्राच्या सर्व लेखी पेपरना आणि अंतर्गत चाचण्यांना तासाला २० मिनिटे जादा वेळ आणि इतरांना व्यत्यय होऊ नये म्हणून स्वतंत्र खोली मिळावी."

प्रत्येक मागणीला तिची अडचण कशी जोडली आहे पाहा. पुटपुटत वाचते, म्हणून खोली. एवढं एक वाक्य बालपणाच्या दोन पानांपेक्षा जास्त उपयोगी पडतं. लेखनिक, वाचक, कॅल्क्युलेटर असं ऐकलेलं सगळं एकदम मागणं ही उलट बाजूची चूक. लेखनिकाला सांगून उत्तर लिहून घेणं हे वेगळंच कौशल्य आहे. सराव नसेल, तर त्यात वेळ उलट जास्त जातो. शुद्धलेखनाच्या चुकांना गुण कापू नयेत, ही मागणी रास्त आहे. पण विद्यापीठाचा पेपर बाहेर तपासला जात असेल, तर तो निर्णय समन्वयकांच्या हातात नसतो. त्यासाठी प्राचार्यांमार्फत विद्यापीठाला वेगळा अर्ज द्या, नाहीतर एका मागणीपायी सगळा अर्ज अडकतो.

सर्वात जास्त अर्ज अडतात ते प्रमाणपत्रावर. दहावीला चाललेलं प्रमाणपत्र कॉलेजात चालेलच असं नाही. नियमांप्रमाणे डिस्लेक्सियाची तपासणी ८, १४ आणि १८ व्या वर्षी होते आणि १८ व्या वर्षीचं प्रमाणपत्र कायमचं असतं. म्हणजे एस.वाय.च्या मुलांकडे बहुतेकदा जुनाच कागद असतो. खासगी मानसोपचारतज्ज्ञांचा अहवाल जोडायला हरकत नाही, पण शासकीय प्रमाणपत्राची जागा तो घेत नाही. मोठ्या रुग्णालयांत चाचणीची तारीख लांबची मिळते. तोवर जुनं प्रमाणपत्र आणि नव्या तारखेची पावती अशी दोन्ही जोडून "या सत्रापुरती तात्पुरती परवानगी द्यावी" असं स्पष्ट मागा. प्रमाणपत्रावर दिव्यांगत्वाचा आकडा ४० टक्क्यांपेक्षा कमी असला, तरी अर्ज सोडू नका. लिहिण्यात अडचण असणाऱ्या अशा विद्यार्थ्यांसाठी १० ऑगस्ट २०२२ च्या वेगळ्या सूचना आहेत. त्यासाठीचा वैद्यकीय दाखला मात्र निराळ्या नमुन्यात लागतो.

अर्ज तोंडी बोलून किंवा वर्गशिक्षकांच्या हाती देऊन सोडू नका. कार्यालयात दोन प्रती न्या आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांक व तारखेचा शिक्का घ्या. "बघतो, होऊन जाईल" हे उत्तर म्हणजे मंजुरी नव्हे. मंजुरीचं पत्र हवं आणि त्यात मिनिटं लिहिलेली हवीत. कारण १:३० ला पेपर गोळा करायला येतात ते ब्लॉकमधले पर्यवेक्षक, आणि त्यांना तुमचा अर्ज ठाऊक नसतो. पहिल्या पेपरच्या आदल्या दिवशी परीक्षा विभागात जाऊन आपलं नाव, खोली आणि संपण्याची वेळ पर्यवेक्षकांच्या यादीत लिहिली आहे का, ते स्वतः पाहा. मंजुरीपत्राची एक झेरॉक्स हॉल तिकिटासोबत ठेवा आणि पेपर सुरू होण्याआधीच पर्यवेक्षकांना दाखवा.