पाच मिनिटांची रोजनिशी: चार प्रश्न, दहा ओळी आणि रविवारची खतावणी

रोजनिशी सुरू करणारे बरेच जण दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात ती सोडतात आणि कारण म्हणून वेळेकडे बोट दाखवतात. खरी अडचण बहुधा कोऱ्या पानाची असते. आज काय लिहायचं हे ठरवण्यातच तीन-चार मिनिटं जातात, मग घाईनं काहीतरी गुळगुळीत लिहिलं जातं आणि ते पुन्हा वाचावंसं वाटत नाही. प्रश्न आधीच ठरलेले असले की हे ठरवणं उरत नाही. मात्र प्रश्न कोणते आणि किती, याचा हिशोब पाच मिनिटांत बसला पाहिजे.

हातानं मराठी लिहिताना साधारण वेगानं मिनिटाला दहा-बारा शब्द होतात. मध्ये आठवण्यात जाणारा वेळ धरला तर पाच मिनिटांत चाळीस ते पन्नास शब्दांपलीकडे जाता येत नाही. म्हणजे चार प्रश्न आणि प्रत्येकाला दोन ओळी. सात-आठ प्रश्नांची छापील डायरी पाच मिनिटांत भरायची तर प्रत्येकाला अर्धं वाक्य मिळतं, आणि अर्ध्या वाक्यात "ठीक", "बरं गेलं" याखेरीज काही मावत नाही.

वही आणि पान

साधी, सिंगल लाइनची, दोनशे पानी वही घ्या. तारखा छापलेली डायरी नको. तीन दिवस चुकले की ती तीन कोरी पानं रोज डोळ्यांसमोर येतात आणि चौथ्या दिवशी वही उघडायचाच कंटाळा येतो. साध्या वहीत पुढची तारीख घातली की झालं.

एका दिवसाला दहा ओळी पुरतात: एक तारखेची, आठ उत्तरांच्या आणि एक मोकळी. पानावर दोन दिवस बसतात, म्हणजे एक वही वर्षभर सहज चालते. रविवारीच पुढच्या सहा दिवसांच्या समासात चार अक्षरं लिहून ठेवा: घ, ज, अ, उ. म्हणजे घडलं, जमलं, अडलं, उद्या. रात्री थकून बसल्यावर प्रश्न आठवावा लागू नये, एवढ्यासाठीच ही तयारी.

चार प्रश्न

घडलं, दीड मिनिट. आजचा एकच प्रसंग, वेळ आणि जागेसह. सबंध दिवसाचा आढावा घ्यायला गेलात तर हाती फक्त विशेषणं लागतात.

जमलं, एक मिनिट. काय जमलं आणि कशामुळे. "कशामुळे" हा भाग सोडू नका, कारण परत वापरता येईल अशी गोष्ट त्यातच असते.

अडलं, एक मिनिट. कुठे, कधी, कशापाशी अडलं एवढंच. इथे "का" विचारायचं नाही. "माझंच असं का होतं?" या प्रश्नाला दोन ओळींत उत्तर नसतं. मन त्याच त्या गोष्टीभोवती फिरत राहतं आणि वही मिटल्यावरही ते थांबत नाही. "कधी" आणि "कशापाशी" यांना मात्र उत्तर असतं आणि ते लिहून संपतं.

उद्या, दीड मिनिट. एकच काम, पण कधी, कुठे आणि कशानंतर करायचं यासह. जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गोलवित्झर यांनी 1990 च्या दशकात यावर बरंच काम केलं. नुसतं "हे करीन" असं ठरवण्यापेक्षा "अमुक वेळ आली की अमुक करीन" असं ठरवलं तर काम पार पडण्याची शक्यता वाढते, असं त्यांना दिसलं.

हा प्रश्न शेवटी ठेवण्यालाही कारण आहे. 2018 मध्ये अमेरिकेतल्या बेलर विद्यापीठातल्या संशोधकांनी 57 तरुणांना झोपेच्या प्रयोगशाळेत, झोपण्यापूर्वी पाच मिनिटं लिहायला लावलं. काहींनी पुढच्या दिवसांत करायची कामं लिहिली, बाकीच्यांनी उरकलेली कामं. पुढची कामं लिहिणाऱ्यांना सरासरी नऊ मिनिटं लवकर झोप लागली, आणि यादी जितकी नेमकी तितकी झोप लवकर. प्रयोग एका रात्रीचा आणि निरोगी तरुणांवरचा होता, तेव्हा त्यावरून निद्रानाशावरचा उपाय म्हणून याकडे पाहू नये. पण "उद्या काहीतरी राहतंय" ही टोचणी कागदावर उतरवून झोपायला जावं, एवढं त्यातून नक्की घेता येतं.

एक नोंद, दोन तऱ्हांनी

समजा, कल्याणहून मुंबईला लोकलनं जाणारी, एका ऑफिसात हिशोबाचं काम पाहणारी बाई आहे. प्रश्न न ठरवता तिनं लिहिलं तर असं होतं: "आजचा दिवस फार धावपळीचा गेला. ऑफिसात खूप ताण होता. घरी यायला उशीर. उद्यापासून नीट नियोजन करायचं." हे खोटं नाही, पण दुसऱ्या कुठल्याही दिवशी तसंच्या तसं चालेल. तोच मंगळवार चार प्रश्नांत असा उतरतो:

घ – दुपारी साडेतीनला फाइल परत आली. दोन बिलं जोडायची राहिली होती.
ज – मुलाचं गणित वीस मिनिटं घेतलं. फोन आतल्या खोलीत ठेवला होता म्हणून.
अ – नेहमीची गाडी चुकली. निघता निघता शेवटचा मेल उघडला.
उ – सकाळी जागेवर बसल्यावर, मेल उघडण्याआधी, दोन्ही बिलं जोडून फाइल पाठवायची.

शब्द जेमतेम चाळीस. पण फोन कुठे होता, मेल नेमका कधी उघडला, हे तपशील आठवड्यानं उपयोगी पडणार आहेत.

कधी लिहायचं

"रोज रात्री" ही वेळ नव्हे, कारण ती कधी दहाला येते तर कधी साडेबाराला. रोज न चुकता होणाऱ्या एखाद्या गोष्टीला वही बांधा: ओटा पुसून झाल्यावर, किंवा फोन चार्जिंगला लावल्यावर. वही आणि पेन तिथेच राहू द्या. पेन शोधायला दुसऱ्या खोलीत जावं लागलं तर त्या दिवशीची नोंद गेलीच समजा. अंथरुणावर पडून लिहू नका, डोळे मिटतात आणि "उ" राहून जातं.

पाच मिनिटांचा गजर लावा आणि तो वाजला की अर्ध्या वाक्यावर असलात तरी थांबा. हे विचित्र वाटेल, पण सवय मोडण्यात जास्त लिहिण्याचाही हात असतो. एखाद्या दिवशी मन भरून येतं, पंचवीस मिनिटं लिहिलं जातं, छान वाटतं. दुसऱ्या दिवशी मनात तेच पंचवीस मिनिटांचं माप असतं, तेवढा वेळ नसतो, म्हणून वही उघडलीच जात नाही. ज्या दिवशी खरंच खूप लिहायचं असेल, त्या दिवशी पाच मिनिटं संपवून वेगळ्या कागदावर लिहा.

रविवारची खतावणी

जुन्या हिशोबात रोजचा व्यवहार आधी कीर्दीत घेत आणि मग खात्यांनुसार खतावणीत उतरवत. नुसती कीर्द चाळून कोणाकडे किती येणं आहे ते कळत नसे. रोजनिशीचंही तसंच आहे. सहा दिवस कीर्द लिहायची, रविवारची पाच मिनिटं खतावणीची. त्या दिवशी नवी नोंद नाही.

आधी फक्त "अ"च्या सहा नोंदी लागोपाठ वाचा. जी गोष्ट पुन्हा आली तिच्याभोवती गोल करा. वरच्या उदाहरणात समजा मंगळवार, गुरुवार आणि शुक्रवार या तिन्ही दिवशी "निघताना मेल" आलं. वहीच्या मागच्या पानावर ते खातं उघडा: "निघताना मेल – 3". रोज वेगळी वाटणारी दगदग एकाच पाच मिनिटांतून निघत होती, हे इथे कळतं. येत्या आठवड्यासाठी त्यावर एकच बदल लिहा: निघायच्या वीस मिनिटं आधी मेल बंद. उपाय शोधताना "ज" वाचा. फोन आतल्या खोलीत ठेवून गणित जमलं होतं. समोरून वस्तू हटवली की आपल्याला जमतं, हे तिथेच लिहिलेलं असतं.

मग "उ"च्या सहा नोंदी पाहा. तेच काम तीनदा किंवा जास्त वेळा पुढे ढकललेलं दिसलं तर त्याला आळस म्हणण्याआधी वाक्य तपासा. "पीएफचं काम करायचं" हे वाक्य चार दिवस फिरत राहतं, कारण त्यात पहिली हालचाल कोणती हेच नाही. त्याचं "जेवणाच्या सुट्टीत जुन्या ऑफिसात फोन करून कोणता कागद लागतो ते विचारायचं" असं करा. तरीही हललं नाही, तर ते काम आपलं आहे का, हे एकदा घरात किंवा ऑफिसात बोलून घ्या.

कृतज्ञतेची ओळ अनेकांना हवी असते. ती रोज नको, रविवारी ठेवा. रोज तीन गोष्टी लिहायच्या ठरवल्या की आठवड्याभरात "घर, तब्येत, मुलं" असा ठसा उमटू लागतो. मानसशास्त्रज्ञ सोन्या ल्युबोमिर्स्की आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासातही आठवड्यातून एकदा लिहिणाऱ्यांना फायदा दिसला, तीनदा लिहिणाऱ्यांना तो दिसला नाही.

बिघाड कसा ओळखायचा

एका व्यक्तीला किंवा घटनेला "अ"मध्ये पंधरा दिवस सलग जागा मिळत असेल आणि लिहून झाल्यावर छाती जड होत असेल, तर ही पद्धत तिथे अपुरी आहे. पाच मिनिटं जखम उघडतात, पण ती बंद करायला पुरत नाहीत. तेव्हा "अ" काही दिवस वगळा, बाकी तीन चालू ठेवा आणि विश्वासाच्या माणसाशी किंवा डॉक्टरांशी बोला. टेलिमानस ही मानसिक आरोग्यासाठीची सरकारी मोफत सेवा 14416 या क्रमांकावर मराठीतही बोलते.

दुसरा बिघाड घरातला. कोणी वाचेल ही शंका असली की आपण शोभेल तेच लिहू लागतो. "सगळे छान होते" अशा ओळी वाढू लागल्या की ओळखा. माणसांची नावं न घालता एक अक्षर वापरा आणि वही उघड्यावर ठेवू नका.

दिवस चुकला तर मागचं भरून काढू नका. तीन दिवसांनी आठवून लिहिलेल्या नोंदीत तपशील नसतात, अंदाज असतात. लंडनमध्ये संशोधक फिलिपा लॅली यांनी 96 जणांच्या सवयींचा पाठपुरावा केला तेव्हा सवय अंगवळणी पडायला लोकांना 18 ते 254 दिवस असा फार वेगवेगळा काळ लागेल असं दिसलं, आणि मध्ये एखादा दिवस चुकल्यानं फारसं बिघडलं नाही. लागोपाठ दोन दिवस चुकले, तर तिसऱ्या दिवशी फक्त "उ" लिहा, दीड मिनिटात होतं.

निदान चार आठवडे प्रश्न बदलू नका. नाहीतर खतावणीत तुलना करायला काही उरत नाही. त्यानंतर बदलायचा झाला तर एकच बदला, आणि तोही ज्याची उत्तरं सहाही दिवस सारखी येऊ लागली आहेत तो. पाठ तपासणाऱ्या शिक्षकाला "घडलं"ऐवजी "वर्गात कोणता प्रश्न आला" हा प्रश्न जास्त देईल. आजारी आईवडिलांची देखभाल करणाऱ्याला "जमलं"च्या जागी "आज मदत कोणी केली" हा.