सीझनच्या कमाईवर दरमहा एसआयपी: हप्ता कसा ठरवायचा, जोखीम कशी ओळखायची

एसआयपीची माहिती बहुतेक ठिकाणी पगारदार माणसासमोर ठेवून दिलेली असते. दर महिन्याच्या एक तारखेला पगार, पाच तारखेला हप्ता. कोकणात अशी घरं कमी. इथे आंब्याचे पैसे एप्रिल-मे महिन्यात येतात, पर्यटकांचे दिवाळी ते मे, आणि मासेमारीवर चालणाऱ्या घरात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना बंदी. त्यामुळे इथला खरा प्रश्न असा आहे की बाराही महिने झेपेल असा हप्ता किती. तो चुकला तर पुढचं सगळं बिघडतं.

आधी एसआयपी म्हणजे काय ते

एसआयपी ही काही वेगळी योजना नव्हे, ती पैसे भरण्याची पद्धत आहे. पैसे जातात म्युच्युअल फंडात. हजारो लोकांचे पैसे एकत्र करून फंड कंपनी ते शेअर, कर्जरोखे वगैरेंत गुंतवते. तुम्ही भरलेल्या रकमेचे तुम्हाला युनिट मिळतात. एका युनिटचा भाव म्हणजे एनएव्ही. तो कामकाजाच्या दर दिवशी जाहीर होतो आणि रोज बदलतो.

हर्णैच्या लिलावात बांगड्याचा भाव पडला की तेवढ्याच पैशांत टोपली जड होते, तसंच इथे. हप्ता तोच राहतो आणि भाव उतरला की युनिट जास्त मिळतात. पण ‘भाव उतरला तर चांगलंच’ एवढं सांगून थांबणं अर्धवट आहे. उतरलेला भाव आधी घेतलेल्या युनिटनाही लागू होतो.

हिशोबच मांडू. हप्ता ५०० रुपये. पहिल्या महिन्यात एनएव्ही २५, म्हणजे २० युनिट. दुसऱ्या महिन्यात २०, म्हणजे २५ युनिट. तिसऱ्या महिन्यात १६, म्हणजे सव्वाएकतीस युनिट. एकूण सव्वाशहात्तर युनिट झाले. भरले १,५०० रुपये, आणि त्या दिवशी विकायला गेलात तर हातात येतील १,२२०. तीन महिन्यांत २८० रुपयांचा खड्डा, तोही हप्ते वेळेवर भरून.

चौथ्या महिन्यात एनएव्ही परत २० झाला, तर आणखी २५ युनिट मिळून १०१.२५ होतात. किंमत २,०२५ रुपये, भरलेले २,०००. भाव सुरुवातीच्या २५ वर पोचलेला नसतानाही नुकसान भरून निघालं. एसआयपीच्या जाहिरातीत हाच हिशोब दाखवतात. पण चौथ्या महिन्यात भाव वर न येता १४ वर गेला असता तर? मग सुमारे ११२ युनिट आणि किंमत साधारण १,५६७ रुपये. नुकसान ४३३ वर गेलं. यातलं काय होणार हे हप्ता भरताना कोणालाच माहीत नसतं. ज्याला माहीत आहे असं वाटतं, त्याच्यापासून जपून राहा.

प्रत्यक्षातही असं झालेलं आहे. जानेवारी २००८ मध्ये शेअर बाजाराचा निर्देशांक सेन्सेक्स २१ हजारांच्या वर होता, मार्च २००९ मध्ये तो आठ हजारांच्या आसपास आला. मार्च २०२० मध्ये तर २३ तारखेच्या एकाच दिवसात तो सुमारे १३ टक्के पडला. दोन्ही वेळा बाजार पुढे सावरला, पण २००८ नंतर सावरायला काही वर्षं लागली. म्हणून पाच वर्षांच्या आत लागणारा पैसा, म्हणजे मुलीची फी, घराचं छप्पर, बोटीचं इंजिन, शेअरमध्ये गुंतवणाऱ्या फंडात घालू नये. जास्त वर्षं थांबलं तर जोखीम कमी होऊ शकते, संपत नाही.

हप्ता सीझनवरून नव्हे, पावसाळ्यावरून ठरवा

एक घर डोळ्यासमोर आणा. नवरा ट्रॉलरवर खलाशी, बायको बंदरावरून मासळी घेऊन दापोलीच्या बाजारात विकते. ऑक्टोबर ते मे या आठ महिन्यांत दोघांची मिळून सरासरी कमाई महिना २४,००० आणि घरखर्च १६,०००. हातात उरतात ८,०००. एप्रिलमध्ये कोणी घरी येऊन विचारलं तर बाई सहज म्हणेल, ‘पाच हजारांची एसआयपी चालेल की!’

आता वही काढून वर्षाचा हिशोब करू. आठ महिन्यांची शिल्लक ६४,०००. जून आणि जुलैत सुकट, बोंबील विकून मिळतात महिना ६,०००. ऑगस्टमध्ये बंदी उठते, पण समुद्र शांत होईपर्यंत फेऱ्या कमी, म्हणून १४,०००. सप्टेंबरमध्ये २०,०००. चार महिन्यांचे आले ४६,०००. खर्च? घरचे ६४,०००. त्यावर जूनमधली वह्या-पुस्तकं आणि फी ८,०००, घराची डागडुजी ७,०००, आणि गणपती १२,०००. मुंबईचे चाकरमानी आले की त्याहून कमी होत नाही. एकूण ९१,०००, म्हणजे ४५,००० कमी पडतात. ते सीझनच्या शिल्लकीतूनच भरायचे.

६४,००० मधून ४५,००० गेले, वर्षाला उरले १९,०००. पाच हजारांची एसआयपी वर्षाला ६०,००० मागते. ती जुलैत बंद पडणारच, आणि कदाचित दागिना गहाण टाकून चालू ठेवली जाईल, ते तर आणखी वाईट. गहाणाचं किंवा हातउसन्याचं व्याज ठरलेलं असतं, फंडातून काय मिळेल ते ठरलेलं नसतं. अंगावर महाग कर्ज असेल तर आधी ते फेडा. एसआयपी नंतर.

या घरासाठी माझं मत स्पष्ट आहे: ५०० रुपये. वर्षाचे ६,००० फंडात, उरलेले १३,००० बँकेत आजारपणासाठी. निदान तीन महिन्यांचा घरखर्च बँकेत साठला की मग हप्ता हजार करायचा विचार. ५०० फार कमी वाटतात हे खरं. पण अडीनडीला फंड विकावा लागला आणि नेमका तेव्हा भाव पडलेला असला, तर वरच्या हिशोबातलं कागदावरचं नुकसान खरं होतं. बँकेतला साठा त्यापासून वाचवतो.

आंबा बागायतदारांची गोष्ट थोडी वेगळी. तुमचे पैसे एकदम येतात. तेव्हा बाराही हप्त्यांची रक्कम एका वेगळ्या बचत खात्यात टाका आणि हप्ता त्याच खात्यातून जाऊ द्या.

सुरुवात करताना

पॅन, आधार आणि बँक खातं लागतं. केवायसी एकदाच होते, घरबसल्या मोबाईलवरूनही होते. पॅनवरचं आणि आधारवरचं नाव जुळतं का ते आधी बघा. लग्नानंतर नाव बदललेल्या बायकांची केवायसी बऱ्याचदा तिथेच अडकते.

फंड निवडताना दोन गोष्टी नक्की पाहा. पहिली, रिस्कोमीटर. प्रत्येक फंडाच्या माहितीपत्रकावर अर्धवर्तुळाकार काटा असतो, ‘कमी’पासून ‘अति उच्च’पर्यंत सहा पातळ्या. शेअरचे फंड बहुधा शेवटच्या पातळीवरच असतात. निफ्टीच्या ५० कंपन्यांत पैसे लावणारा साधा इंडेक्स फंड समजायला सोपा असतो, पण काटा त्याचाही तिथेच. दुसरी गोष्ट, डायरेक्ट की रेग्युलर. रेग्युलरमध्ये वितरकाचं कमिशन फंडातूनच दरवर्षी कापलं जातं, डायरेक्टमध्ये ते नसतं. फॉर्म भरायला, अडचणीत विचारायला माणूस हवा असेल तर रेग्युलर घेण्यात काही गैर नाही. फक्त आपण त्याचे पैसे देतोय हे माहीत असावं.

वितरकाकडे एआरएन, म्हणजे नोंदणीचा नंबर असतो, तो मागून घ्या. आणि पैसे त्याच्या हातात रोख किंवा त्याच्या स्वतःच्या यूपीआयवर कधीच देऊ नका. पैसे तुमच्या खात्यातून थेट फंडाकडेच गेले पाहिजेत. ‘महिना दोन टक्के नक्की’ असं कोणी म्हणालं तर तो म्युच्युअल फंड नाही किंवा तो माणूस खरं बोलत नाही. ठरावीक परताव्याचं आश्वासन द्यायला सेबीच्या नियमांत बंदी आहे. बँकेच्या ठेवीला पाच लाखांपर्यंत विम्याचं संरक्षण असतं, तसं फंडातल्या पैशाला नसतं.

हप्ता चुकणार असं दिसलं तर

हप्ता आपोआप जाण्यासाठी बँकेला मँडेट, म्हणजे परवानगी द्यावी लागते. त्यात कमाल रक्कम लिहितात. ती हप्त्यापेक्षा बरीच मोठी भरलेली असू शकते, म्हणून सही करण्याआधी किंवा पिन टाकण्याआधी वाचा.

खात्यात पैसे नसले तर फंड कंपनी दंड लावत नाही, पण बँक लावू शकते. तो दंड काही शे रुपयांचा असतो. ५०० च्या हप्त्यापुढे ही रक्कम मोठीच. शिवाय मासिक एसआयपीचे लागोपाठ तीन हप्ते चुकले की ती रद्द होते. आधीचे युनिट मात्र तुमचेच राहतात.

म्हणून जूनची वाट बघू नका. मे महिन्याच्या मध्यालाच ठरवा. जून ते सप्टेंबरचे चार हप्ते, म्हणजे २,००० रुपये, खात्यात बाजूला पडले असतील तर चालू ठेवा. नसतील तर ‘पॉज’ची सोय बघा. बऱ्याच फंड कंपन्या एक ते तीन महिने हप्ता थांबवू देतात, पण अर्ज काही दिवस आधी द्यावा लागतो. तीही सोय नसेल तर एसआयपी बंद करा आणि ऑक्टोबरमध्ये नवी सुरू करा. बंद केल्याबद्दल फंडाकडून दंड नाही. एजंट नाराज झाला तरी चालेल.

पैसे काढताना एक्झिट लोड तपासा. अनेक शेअर-फंडांत वर्षाच्या आत विकलं तर साधारण १ टक्का कापतात, आणि हे वर्ष प्रत्येक हप्त्याचं वेगळं मोजलं जातं. या जूनमध्ये विकलं तर मागच्या वर्षीच्या मेमध्ये भरलेले पैसे सुटतील, पण या मार्चमधले सुटणार नाहीत. करबचतीचा ईएलएसएस असेल तर प्रत्येक हप्ता तीन वर्षं अडकतो, मध्ये काढताच येत नाही. ज्यांचा पावसाळा तंग असतो त्यांनी हा फंड फक्त कर वाचतो म्हणून घेऊ नये. ज्यांना मुळात करच लागत नाही त्यांना तर त्याचा काही उपयोगच नाही.

फॉर्ममधला वारसदाराचा रकाना रिकामा सोडू नका. दर्यावर जाणाऱ्या माणसाच्या घरात तर हे पहिल्याच दिवशी व्हायला हवं. नॉमिनीचं नाव भरलं की फोलिओ नंबर, म्हणजे फंडातल्या तुमच्या खात्याचा नंबर, फंडाचं नाव आणि कुठल्या खात्यातून हप्ता जातो हे एका कागदावर लिहून रेशनकार्डाबरोबर ठेवा, आणि तो कागद कुठे आहे ते बायकोला, मुलाला दाखवून ठेवा.